दहा वर्षांचा व्हिसा, पंधरा दिवसांचं स्टिकर आणि दिवाळीचं तिकीट

प्रश्न: ताई, मी वीज मंडळातून रिटायर झालो, त्रिमूर्तीनगरला राहतो. मी आणि सौ. पहिल्यांदाच परदेशी चाललोय. आधी म्युनिकला मुलाकडे 18 एप्रिल 2026 ते 2 मे, तिथूनच पुढे ह्यूस्टनला मुलीकडे, दिवाळी तिकडे करून 15 नोव्हेंबरला परत. अमेरिकेचा व्हिसा 2035 पर्यंतचा आहे. युरोपच्या स्टिकरवर 17 मेपर्यंतची तारीख आहे, पण त्यावरच 15 दिवस असंही लिहिलंय. मुलगा म्हणतो तारीख आहे तर आठवडाभर जास्त राहा. मुलगी म्हणते अमेरिकेत सहाच महिने मिळतात. जावई म्हणतात ते तिथला ऑफिसर ठरवतो. मग ही दहा वर्षं कशाची? नक्की कोणती तारीख धरायची?

उत्तर:

काका, आधी तिकिटाचं सांगते, कारण ते बदलायला जितका उशीर कराल तितके पैसे जास्त जातील. 2 मेला ह्यूस्टनला उतरून 15 नोव्हेंबरला निघायचा बेत जमणार नाही. आणि म्युनिकला आठवडाभर जास्त राहायचा बेतही जमणार नाही. पण दिवाळी मात्र लेकीकडे होऊ शकते, आणि तीही याच दोन व्हिशांवर, नवा अर्ज न करता. कशी, ते खाली येईलच.

गेली चोवीस वर्षं मी धरमपेठेत बसून व्हिशाच्या फायली करते आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा गोंधळ जवळजवळ नेहमी एकाच जागी होतो. पासपोर्टवर चिकटवलेल्या कागदावरची सगळ्यात लांबची तारीख डोळ्यांत भरते आणि माणूस तीच धरून चालतो. खरं म्हणजे इथे तीन वेगळे प्रश्न आहेत. दारापाशी कधीपर्यंत पोहोचायचं, हा पहिला. त्याला व्हिशाची वैधता म्हणतात. आत गेल्यावर जास्तीत जास्त किती दिवस राहायचं, हा दुसरा. ती मुक्कामाची मर्यादा. आणि दारात बसलेल्या अधिकाऱ्यानं आज, या खेपेला, तुम्हाला कुठल्या तारखेपर्यंत आत घेतलं, हा तिसरा. ती प्रवेशाच्या वेळी मिळालेली मुदत. तुमच्या घरातली तिन्ही माणसं खरंच बोलताहेत, फक्त प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

अडचण अशी की प्रत्येक देश ही तिन्ही उत्तरं एकाच ठिकाणी लिहीत नाही. युरोप पहिली दोन स्टिकरवर छापतो. अमेरिका पहिलं छापते, दुसरं छापतच नाही, आणि तिसरं संगणकात ठेवते. म्हणून एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशात वापरायला गेलं की माणूस फसतो.

तुमचा पहिला मुक्काम म्युनिक, तर युरोपचं स्टिकर आधी बघू. ते समोर धरा. एका ओळीत ‘फ्रॉम’ आणि ‘अन्टिल’ या दोन तारखा आहेत, 18-04-26 आणि 17-05-26. त्याच्या खाली ‘ड्युरेशन ऑफ स्टे’, तिथे 15. शेजारी ‘नंबर ऑफ एन्ट्रीज’, तिथे तुमच्या बाबतीत बहुतेक 01 असेल, कारण तुम्ही एकाच फेरीसाठी अर्ज केला असणार. 01 च आहे ना, ते एकदा बघून घ्या.

तुम्ही 18 एप्रिल ते 2 मे अशी तिकिटं लावली होती. मोजून बघा, दोन्ही टोकं धरून बरोबर 15 दिवस होतात. मग 17 मे कुठून आली? तुमचा व्हिसा शेंगेनचा आहे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, आणि तो देताना प्रवासाच्या दिवसांवर साधारणपणे 15 दिवसांची सवलत जोडायची असा त्यांचा नियम आहे. 2 मे अधिक 15 म्हणजे 17 मे. ही सवलत प्रवास मागेपुढे सरकला तर अडू नये यासाठी असते. राहायचे दिवस त्यानं वाढत नाहीत. चौकट तीस दिवसांची आहे आणि त्या चौकटीत तुमचे पंधरा दिवस कुठेही बसवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

आता नियम दोन, आणि दोन्ही एकाच वेळी पाळायचे. आतले दिवस पंधरापेक्षा जास्त नकोत, आणि 17 मे उलटल्यावर तुम्ही आत नकोत. 18 एप्रिलला पोहोचलात तर 2 मेला पंधरा दिवस संपतात, तेव्हा 17 मेला काही अर्थ उरत नाही. उलट काही कारणानं 5 मेला पोहोचलात, तर 5 ते 17 मे हे तेराच दिवस हाती येतात, आणि तेव्हा छापलेल्या पंधराला अर्थ उरत नाही. जी मर्यादा आधी लागेल ती खरी. तुमच्या मुलानं फक्त दुसरी तारीख बघितली, म्हणून त्याला आठवडा मोकळा दिसला.

दिवस मोजताना रात्रीच्या विमानांनी घोळ होतो, तेवढं लक्षात ठेवा. नागपूरहून 17 तारखेला संध्याकाळी निघून मुंबईहून मध्यरात्रीनंतर उडालात, तर तुमचा पहिला दिवस म्युनिकला उतरून पासपोर्ट तपासणी पार केलीत तो. नागपूरचा दिवस त्यात धरत नाहीत. मात्र पोहोचण्याचा दिवस पूर्ण दिवस म्हणून मोजतात, मग रात्री अकराला पोहोचलात तरी. निघण्याचा दिवसही तसाच, पहाटे निघालात तरी पूर्ण. आपल्याकडे ‘चौदा रात्री’ म्हणून पॅकेज विकतात आणि लोक चौदा दिवस समजतात. चौदा रात्रींचे दिवस पंधरा होतात.

‘एन्ट्रीज’चा आकडा 01 असेल तर त्याचा अर्थ एकदाच आत, आणि बाहेर पाय पडला की संपलं. म्युनिकहून साल्झबर्गला गेलात किंवा झुरिकला गेलात तर काही बिघडत नाही, कारण ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड त्याच शेंगेन वर्तुळात आहेत. पण मुलानं हौसेनं चार दिवस लंडन दाखवायचं काढलं, तर त्यासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल, आणि तो असला तरी लंडनहून परत म्युनिकला शिरता येणार नाही. शिल्लक दिवस कितीही असोत. तसंच नोव्हेंबरात परतताना विमान युरोपातून येत असेल तर विमानतळाबाहेर पडून मुलाला भेटता येणार नाही, हे काकूंना आत्ताच सांगून ठेवा.

आणि हे कोण मोजणार, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पूर्वी शिक्के बघून बोटांवर मोजायचे. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपनं टप्प्याटप्प्यानं संगणकी नोंद सुरू केली आहे. सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची तारीख नोंदवतात. सोळावा दिवस यंत्राला आपोआप दिसतो. दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी लागू शकते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. आजारपण किंवा विमानं रद्द होणं अशी खरी अडचण आली तर मुदत वाढवून मिळते, पण ती तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, मुदत संपायच्या आत, कागद दाखवून मागावी लागते. ‘नातू सोडत नाही’ हे कारण तिथे चालत नाही.

आता अमेरिका. इथे बरंच उलटं आहे.

तुमच्या अमेरिकेच्या व्हिशावर 2035 ची तारीख आहे. तिचा अर्थ इतकाच की त्या दिवसापर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर उतरून ‘मला आत यायचंय’ असं विचारू शकता. ‘एन्ट्रीज’समोर एम असेल, म्हणजे कितीही वेळा विचारू शकता. राहण्याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नाही. नीट शोधून बघा, युरोपसारखा दिवसांचा रकाना तुम्हाला सापडणारच नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण तो रकाना नाही याचाच अर्थ ‘मर्यादा नाही’ असा घेतात. मर्यादा आहे, ती दुसरीकडे लिहिलेली असते.

या फरकाची टोकाची बाजू सांगते, म्हणजे पक्कं बसेल. समजा कुणाचा अमेरिकेचा व्हिसा उद्या संपतोय आणि तो आज तिथे उतरला. अधिकाऱ्यानं आत घेतलं तर त्याला पुढचे सहा महिने मिळू शकतात, आणि व्हिसा उद्या संपला तरी तो तिथे पूर्ण कायदेशीर राहतो. युरोपात हेच केलं तर त्याला उद्या बाहेर पडावं लागेल. म्हणजे अमेरिकेत व्हिशाची शेवटची तारीख ही पोहोचण्याची शेवटची तारीख आहे. युरोपात ती पोहोचण्याचीही आहे आणि निघून गेलेलं असण्याचीही. ब्रिटनचा दोन किंवा पाच वर्षांचा व्हिझिटर व्हिसा यात युरोपच्या बाजूला बसतो. एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, पण व्हिसा संपायच्या आत निघालेलं असावं लागतं.

मग अमेरिकेत राहायची तारीख कोण देतं? जावई बरोबर आहेत, विमानतळावरचा अधिकारी. तो तुम्हाला आत घेताना एक नोंद करतो, तिचं नाव आय-94. मी काम सुरू केलं तेव्हा हे पांढरं कार्ड असायचं, पासपोर्टात स्टेपल करून द्यायचे आणि निघताना ते परत करावं लागायचं. 2013 पासून विमानानं येणाऱ्यांसाठी ते कार्ड गेलं आणि नोंद संगणकात आली. शिक्का असायचा तोही आता बऱ्याच ठिकाणी मारत नाहीत. त्यामुळे हातात काहीच येत नाही, आणि लोक पुन्हा व्हिशाच्या तारखेकडे वळतात.

व्हिझिटर व्हिशावर फिरायला, मुलांना भेटायला आलेल्यांना साधारणपणे सहा महिने देतात. तुमची मुलगी म्हणते ते इथून आलं. मुक्काम महिन्याचा सांगितला तरी बहुतेक वेळा सहा महिन्यांचीच तारीख पडते. पण ही देणगी त्या खेपेची असते. पुढच्या वेळी नव्यानं नोंद, नव्यानं तारीख. आणि अधिकाऱ्याला शंका आली तर तो कमी देऊ शकतो, आतच न घेताही परत पाठवू शकतो. दहा वर्षांचा व्हिसा हातात असला तरी आत घ्यायचा निर्णय दारावरच होतो.

म्हणून तिथे काय बोलता याला महत्त्व आहे. किती दिवस आलात असं विचारलं तर खरं सांगा आणि तिकिटाशी जुळेल असं सांगा. ‘सिक्स मंथ्स’ असं तोंडपाठ करून जाऊ नका. कुणाला भेटायला, कुठे राहणार, कधी परत, एवढंच. मुलीच्या बाळाला सांभाळायला चाललोय असं सहज बोलून जातात आई-वडील, आणि तिथे सांभाळणं म्हणजे काम असा अर्थ निघू शकतो. तुम्ही लेकीला आणि नातवाला भेटायला चालला आहात, तेच म्हणा. इंग्रजी समजलं नाही तर मान हलवू नका, हिंदी दुभाषी मागा.

आत गेल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुलीला `i94.cbp.dhs.gov` ही साइट उघडायला सांगा. तिथे `Get Most Recent I-94` निवडायचं, नाव, आडनाव, जन्मतारीख, देश आणि पासपोर्ट क्रमांक टाकायचा. नोंद सापडली नाही तर घाबरू नका. आपल्या पासपोर्टांत पहिल्या नावाच्या रकान्यातच वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते वगळून शोधलं की बरेचदा सापडत नाही. पासपोर्टात छापलंय तसं दोन्ही मिळून टाकायचं. मग जो कागद निघेल त्यावर `Admit Until Date` समोरची तारीख हीच तुमची खरी तारीख. तिच्या आत देश सोडायचा. `Class of Admission` समोर बी-2 आहे का तेही बघा. बी-1 असेल तर ती कामकाजासाठीची नोंद, आणि तिची मुदत कमी असू शकते.

तारीख वाचताना एक काळजी. अमेरिकेत महिना आधी लिहितात. 11/01 दिसलं तर ती 1 नोव्हेंबर, 11 जानेवारी नव्हे. हा दोन महिन्यांहून जास्तीचा फरक आहे.

तुमची आणि काकूंची नोंद वेगळी काढा. नवरा-बायको एकाच खिडकीवर उभे असले तरी तारखा वेगळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. तारीख उघड चुकीची वाटली तर अशा चुका दुरुस्त करणारी कार्यालयं बऱ्याच मोठ्या विमानतळांवर असतात. त्याला डिफर्ड इन्स्पेक्शन म्हणतात. पहिल्याच आठवड्यात गेलं तर सोपं जातं, निघायच्या तोंडावर गेलं तर नाही.

आता तुमचा हिशेब मांडू. तुम्ही 2 मेला ह्यूस्टनला उतरणार. सहा महिने मिळाले तर तारीख 1 नोव्हेंबरच्या आसपास पडेल. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. तिकीट 15 नोव्हेंबरचं. म्हणजे तुम्ही लेकीच्या घरी कंदील लावत असाल तेव्हा मुदत संपून आठवडा झालेला असेल, आणि व्हिशावर मात्र 2035 दिसत असेल.

चौदा दिवसांनी काय होतंय, असं वाटू शकतं. अमेरिकेच्या कायद्यात मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तुम्ही ज्या व्हिशावर आलात तो आपोआप रद्द धरला जातो. तुम्हाला कुणी पत्र पाठवत नाही, स्टिकर तसंच्या तसं चिकटलेलं राहतं. कळतं ते पुढच्या खेपेला, विमानात बसताना किंवा तिथे उतरल्यावर. मग मुंबईला बीकेसीत जाऊन पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि त्या मुलाखतीत हाच पहिला प्रश्न. 180 दिवसांहून जास्त बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं प्रवेश बंद, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. तुम्ही तिथवर जाणार नाही, पण चौदा दिवसांसाठी उरलेली नऊ वर्षं घालवणंही परवडणारं नाही.

मुदतवाढ मागता येते. आय-539 नावाचा अर्ज, तो मुदत संपायच्या आत भरायचा, शक्यतो 45 दिवस आधी. वेळेत भरला तर निकाल येईपर्यंत राहता येतं, पण निकालाला महिने लागतात. त्या काळात नकार आला तर अडचण उभी राहते. गंभीर आजार, शस्त्रक्रिया अशा कारणांसाठी मी हा अर्ज भरायला सांगते. सणासाठी सांगत नाही.

काही जण म्हणतील, मध्येच कॅनडाला चार दिवस जाऊन या म्हणजे नवे सहा महिने मिळतात. असं होत नाही. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत जाऊन परत आलात तर बहुधा जुनीच नोंद पुढे चालते, घड्याळ नव्यानं सुरू होत नाही. शिवाय कॅनडाचा व्हिसा लागतो तो वेगळाच. नायगरा अमेरिकेच्या बाजूनंही छान दिसतो.

मग दिवाळी कशी जमवायची? इथे युरोपच्या स्टिकरवरची ती सवलतीची तारीख कामाला येते. सगळा प्रवास दोन आठवडे पुढे ढकला. म्युनिकला 2 मेला पोहोचा आणि 16 मेला निघा. 2 ते 16 मोजा, दोन्ही टोकं धरून पंधरा दिवस. आणि 16 मे ही 17 च्या आत आहे. दोन्ही नियम पाळले गेले. 16 मेलाच ह्यूस्टनला उतरलात तर सहा महिन्यांची तारीख 15 नोव्हेंबरच्या आसपास पडेल. परतीचं तिकीट 12 नोव्हेंबरचं घ्या. लक्ष्मीपूजन, पाडवा होऊन जाईल आणि तीन दिवस हातात राहतील. 15 चंच तिकीट ठेवू नका. विमान रद्द झालं किंवा धुक्यात अडकलं तर शेवटच्या दिवसाच्या पलीकडे जायला एक रात्र पुरते.

या बेतात एक कच्चा दुवा आहे, तोही सांगते. युरोपच्या बाजूला आता फक्त एक दिवस शिल्लक आहे. मुंबईचं विमान चुकून 3 मेला पोहोचलात तरी चालेल, 17 मेला निघता येईल. पण 5 मेला पोहोचलात तर म्युनिकचे दिवस तेरा होतील, तिथला मुक्काम वाढवता येणार नाही, हे मुलाला समजावून ठेवा. आणि एप्रिलच्या शेवटी नागपुरात राहायचं म्हणजे कूलरसमोर दोन आठवडे काढायची तयारी हवी, त्याला माझ्याकडे उपाय नाही.

तारखा बदलल्यावर तिकिटाइतकंच महत्त्वाचं दुसरं एक काम आहे, जे हमखास राहून जातं. शेंगेनसाठी काढलेला प्रवास विमा 18 एप्रिल ते 2 मे असा असेल. तो 2 ते 16 मे करून घ्या, 30,000 युरोंचं संरक्षण तसंच ठेवून. म्युनिकच्या खिडकीवर विमा मागू शकतात, आणि जुन्या तारखांचा कागद दाखवला तर प्रश्न वाढतात. नवी तिकिटं, नवा विमा आणि मुलाचं निमंत्रणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत टाकू नका. त्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत बॅग मिळालेली नसते.

तुम्ही पासपोर्टची तारीख लिहिली नाहीत, दोघांचीही बघून घ्या. शेंगेनमधून निघायच्या दिवसानंतर किमान तीन महिने तो वैध असावा लागतो, ते अर्जाच्या वेळीच तपासलं गेलं असणार. पण अमेरिकेत दुसरी अडचण येते. वर्धा रोडवरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाई लेकाकडे गेल्या होत्या. त्यांची फाईल दुसऱ्या एका एजंटानं केली होती आणि पासपोर्ट पाच महिन्यांत संपतोय इकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. अधिकाऱ्यानं त्यांना पासपोर्ट संपण्याच्या तारखेपर्यंतच मुदत दिली. बाई सहा महिने धरून बसल्या, नोंद कुणी काढून बघितलीच नाही, आणि त्या सव्वा महिना जास्त राहिल्या. दोन वर्षांनी नातवाच्या मुंजीला जायचं म्हणून माझ्याकडे आल्या तेव्हा जुन्या नोंदीत मला ते दिसलं. व्हिशावर अजून सात वर्षं होती. त्यांनी स्टिकरवर बोट ठेवून मला ती तारीख दोनदा वाचून दाखवली. मुंजीला त्या जाऊ शकल्या नाहीत.

पासपोर्ट संपायला वर्षभर राहिलं की नवा काढता येतो. तुमच्यापैकी कुणाचा 2026 च्या अखेरीस किंवा 2027 च्या सुरुवातीला संपत असेल तर मला आधी फोन करा. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात राहिला तरी चालतो, जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर नेले की झालं. युरोपचं स्टिकर मात्र याच पासपोर्टात आहे आणि प्रवास तोंडावर, तेव्हा तो आत्ता बदलायला टाकायचा की परत आल्यावर, हे तारीख बघूनच ठरवू. ह्यूस्टनला उतरलात की दोघांच्या आय-94 च्या प्रती मला व्हॉट्सअपवर पाठवा. 12 नोव्हेंबरचं तिकीट त्या तारखांशी जुळतंय का, ते त्याच दिवशी बघते.